दिवाळीची एक ओळ, जी कुठल्याही मेलखाली शोभेल

"ताई, मी एका ऑफिसात अ‍ॅडमिनला आहे. साहेबांनी सांगितलंय की यंदा दिवाळीला नोटीस बोर्डावर आणि ऑफिसच्या ईमेलखाली सहीसोबत एक ओळ टाकायची, मराठीतच, आणि दरवर्षीसारखी कॉपी-पेस्ट नको. मागच्या वर्षी मी एक चारोळी टाकली होती, ती तिघांनी आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेली निघाली. मजेशीर लिहावं तर कुणाला खटकेल अशी भीती, साधं लिहावं तर शिळं वाटतं. आमचे मेल व्हेंडरपासून वरिष्ठांपर्यंत सगळ्यांना जातात. ओळ कशी लिहू?"
— अ‍ॅडमिन डेस्कवरून

ओळ लिहायला बसायच्या आधी एक काम करा, तुमचं Sent फोल्डर उघडा आणि गेल्या पंधरा दिवसांत तुम्ही कुणाकुणाला काय काय पाठवलंय ते नुसतं वरून खाली बघत जा. मला माहितीये की हे उलटं वाटेल, पण सहीखालची ओळ आणि ग्रीटिंग कार्ड यात हाच मोठा फरक आहे बघा. कार्ड तुम्ही माणूस बघून देता. सही मात्र माणूस बघत नाही, तुम्ही जे जे पाठवाल त्या सगळ्याच्या खाली ती आपोआप जाऊन बसते, मग तो मीटिंगचा मेल असो, सुट्टी नामंजूर केल्याचा असो, नाहीतर बिल थकल्याची आठवण असो.

हे मी स्वतः चुकून शिकले म्हणून सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी अकाउंट्सला होते आणि दिवाळीच्या आठवडाभर आधी मी हौसेने सहीखाली ओळ टाकली, "या दिवाळीत तुमच्या घरी लक्ष्मी नांदो." ओळ वाईट नव्हती, चार जणांनी छान म्हटलंसुद्धा. आणि धनत्रयोदशीच्या दिवशी सकाळी मी एका छोट्या व्यावसायिकाला थकलेल्या बिलाचं तिसरं रिमाइंडर पाठवलं, नेहमीचाच मजकूर, खाली माझं नाव, खाली फोन, आणि त्याखाली लक्ष्मी. त्यांचा फोन आला. रागावले नव्हते, आवाज अगदी खाली होता, म्हणाले, "मॅडम, पैसे नाहीत हे तुम्हाला माहितीये, वर लक्ष्मीचं कशाला लिहिलंत?" मला दोन मिनिटं कळेचना ते कशाबद्दल बोलतायत, कारण ती ओळ सहीत आहे हे मी विसरूनच गेले होते. मी माफी मागितली आणि ओळ त्याच दिवशी काढली, पण वाचून झालेला मेल काही परत येत नाही.

तेव्हापासून माझी पद्धत अशी की ओळ आधी मनात ठरवायची आणि मग ती तीन मेलखाली लावून वाचायची. एक नकाराचा, म्हणजे रजा नाही, कोटेशन नाही, अर्ज नाही असं काहीतरी. दुसरा पैशाचा, मागायचा किंवा उशीर होतोय असं सांगायचा. आणि तिसरा अशा माणसाला जाणारा ज्याच्या घरी यंदा कुणीतरी गेलंय आणि ज्याच्याकडे यावर्षी दिवाळी नाहीये. तुमच्या Sent फोल्डरमध्ये पहिले दोन नक्की सापडतील, तिसरा तुम्हाला ऑफिसातल्या माहितीवरून आठवेल. पहिल्या दोघांखाली ओळ टोचली नाही तर ती वापरायची. तिसऱ्याचं वेगळं आहे, त्याच्याकडे नंतर येते.

आता शिळेपणाबद्दल. तुम्ही म्हणता साधं लिहिलं की शिळं वाटतं, पण मला वाटतं दोष साधेपणाचा नाहीये. ही एक ओळ घ्या, अशा ओळी आपण सगळ्यांनीच वाचल्यात: "ही दिवाळी आपणास व आपल्या परिवारास सुखाची, समृद्धीची, भरभराटीची आणि आरोग्याची जावो हीच सदिच्छा." यातला "दिवाळी" शब्द काढा आणि तिथे "संक्रांत" घाला. चाललं? "दसरा" घालून "ही"चं "हा" आणि "ची"चं "चा" करा. चाललं? "नववर्ष" घाला, तेही चालतंय. जी ओळ कुठल्याही सणाला चालते ती वाचताना डोळा थांबतच नाही, तो पुढे सरकतो, आणि शिळं म्हणजे नेमकं हेच. सणाचं नाव बदलून बघायची ही परीक्षा तुमच्या चारोळीलाही लावून बघा, मला वाटतं तिथेच उत्तर मिळेल. सुख, समृद्धी, भरभराट हे शब्द चांगलेच आहेत, पण ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि चार न दिसणारे शब्द एका ओळीत आले की चारही पुसट होतात.

मग ताजं कुठून आणायचं? यमक जुळवून नाही, आणि नवनवीन विशेषणं शोधूनही नाही. एक गोष्ट शोधा जी फक्त त्या दिवसांत घडते आणि जी डोळ्यांना दिसते. दिवाळीत काय दिसतं हो? रिसेप्शनला कंदील लागतो. चार वाजले की लांब जाणारे लोक बॅगा घेऊन हळूच निघायला लागतात. अंधार लवकर पडतो. गेटवरचा गार्ड मात्र तिथेच असतो. आणि संध्याकाळी एक वेळ येते, ऊन गेलेलं असतं, पूर्ण अंधार झालेला नसतो, आणि घराघरांत पणत्या लागायला सुरुवात होते. त्या वेळेला आपल्याकडे किती सुंदर शब्द आहे, दिवेलागण. एकच शब्द, पण त्यात वेळही आहे, उजेडही आहे आणि घरही आहे. हा शब्द संक्रांतीच्या ओळीत घालून बघा, तो बसणारच नाही असं नाही, पण एवढा फुलणार नाही.

तर आपण या शब्दावरून ओळ तयार करून बघू, चुकत चुकत, म्हणजे कुठे काय बिघडतं ते तुम्हाला दिसेल.

मी पहिल्यांदा लिहीन ते असं: "दिवेलागणीला घरी पोचा, मेल उद्याही असतील." वाचायला छान आहे, जिवंत आहे, ऑफिसचाही संदर्भ आला. पण लावा बरं नकाराच्या मेलखाली. "तुमची रजा मंजूर करता येत नाही" आणि खाली "दिवेलागणीला घरी पोचा." ज्याची रजा नाकारली त्याला हे वाचून काय वाटेल? आणि पैशाच्या मेलखाली "मेल उद्याही असतील" म्हणजे तर चक्क असं होतं की मी उद्या परत मागणार आहे. आणखी एक, "पोचा" ही आज्ञा झाली. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला चालेल, वरिष्ठांना तुमच्याकडून आज्ञा बरी दिसत नाही. मजेशीर ओळींचं बहुतेक वेळा असंच होतं, त्यांची गंमत एका ठराविक प्रसंगावर उभी असते आणि सही तर सगळ्या प्रसंगांना जाते. "इनबॉक्स रिकामा आणि डबा भरलेला राहो" असलं काही तुमच्या डोक्यात आलं असेल तर तेही याच कारणाने सोडून द्या, व्हेंडरला "इनबॉक्स रिकामा राहो" म्हणजे मला मेल करू नका असं वाचता येतं.

दुसऱ्यांदा मी आज्ञा काढून इच्छा घालीन: "दिवेलागणीला तुम्ही घरी असावं, ही दिवाळीची शुभेच्छा." आता बरंच सुधारलं. पैशाच्या मेलखाली लावली तर टोचत नाही, कारण त्यात पैसा, भरभराट, लक्ष्मी काहीच नाही. जे दिवाळी हा सण करतच नाहीत त्यांनाही ती चालते, कारण तुम्ही त्यांच्या घरी पूजा आहे असं गृहीत धरलेलं नाहीये, संध्याकाळी घरी असावं एवढंच म्हटलंय. फक्त "घरी" हा शब्द अडतो. नोकरीसाठी लांब राहणारी माणसं असतात, रजा न मिळालेली असतात, त्यांना "घरी असावं" म्हणजे जे नाही तेच दाखवल्यासारखं होतं, आणि नकाराच्या मेलखाली तर अजूनच.

म्हणून तिसऱ्यांदा: "दिवेलागणीला तुम्ही आपल्या माणसांत असावं, ही दिवाळीची मनापासून शुभेच्छा." आपली माणसं रूमवर असतात, मित्राच्या घरी असतात, शेजारी असतात, व्हिडिओ कॉलवर पण असतात. रजा नामंजूर झाल्याच्या मेलखाली मी ही लावून वाचली, अगदी गोड नाही वाटत, पण जखमेवर मीठही वाटत नाही, आणि नकाराखालच्या ओळीकडून मी एवढीच अपेक्षा ठेवते. ही ओळ ईमेलसाठी घ्या, तुमचीच समजा, हवा तो शब्द बदला.

शब्द बदलताना मात्र दोन-तीन गोष्टी जपा, कारण एका ओळीत चूक लपत नाही, चार पानी रिपोर्टमध्ये लपते. पहिली, "तुम्ही" की "आपण" ते ठरवा आणि एकच ठेवा. अनेकांना वाटतं की ऑफिसात "आपण"च पाहिजे, पण "तुम्ही" पुरेसा आदराचा आहे आणि "आपण" वापरलं की आम्ही-तुम्ही मिळून आपण की आदरार्थी आपण असा घोळ होतो, "आपण आपल्या माणसांत असावं" वाचून बघा म्हणजे कळेल. मी वर "तुम्ही आपल्या माणसांत" लिहिलंय ते चालतं, कारण तिथे आपल्या म्हणजे स्वतःच्या. तुमचं ऑफिस फार औपचारिक असेल तर "असावं"चं "असावे" करा, पण मग ओळीत दुसरीकडे कुठेही बोलीतला अनुस्वार ठेवू नका.

दुसरी, आणि ही चूक मला चांगल्या चांगल्या ऑफिसांच्या बोर्डांवर दिसते, ती म्हणजे अनेकवचन. "सर्व इच्छा पूर्ण होवो" असं नसतं, इच्छा पुष्कळ आहेत म्हणून "होवोत". "आनंदाचे क्षण येवो" नाही, "येवोत". एकटी गोष्ट असेल तर जावो, लाभो, राहो, पोचो, आणि एकापेक्षा जास्त असतील तर शेवटी त लागतो. क्रियापदाचं हे रूप नुसत्या इच्छेचं आहे, ते कुणाला हुकूम सोडत नाही, म्हणून ते शुभेच्छेला एवढं शोभतं, आणि म्हणूनच ते चुकलं की ओळ लंगडते.

तिसरी, ऱ्हस्व-दीर्घ. दिवाळी लिहाल तेव्हा दि ऱ्हस्व, दीपावली लिहाल तेव्हा दी दीर्घ, "दिपावली" कुठेच नाही. शुभेच्छा म्हणजे शुभ अधिक इच्छा, म्हणून च्छा, "शुभेच्या" नाही. हार्दिकमधला दि ऱ्हस्व. आणि हार्दिक हा शब्द हृदयावरूनच आलाय, म्हणजे मनापासून, तेव्हा "मनापासून हार्दिक शुभेच्छा" लिहिलं की एकच गोष्ट दोनदा होते, दोनांतलं एक ठेवा. मी "मनापासून" ठेवते कारण तो शब्द बोलण्यातला आहे, हार्दिक आता बॅनरवरच जास्त दिसतो.

आता बोर्ड. साहेब एकच ओळ म्हणाले असले तरी त्यांना विनंती करून बघा की बोर्डासाठी थोडी वेगळी घेऊया, कारण बोर्ड वाचणारी माणसं वेगळी आहेत. मेल वाचणारा खुर्चीत बसलेला असतो, बोर्ड वाचणारा येता-जाता वाचतो, आणि बोर्ड सगळ्यात जास्त वेळ कोण बघतं सांगू? गार्ड, हाउसकीपिंगच्या बायका, रात्रपाळीवाले. ज्यांच्याकडे ऑफिसचा ईमेल आयडीसुद्धा नसतो बऱ्याचदा. आणि बरोबर दिवेलागणीच्या वेळेला गार्ड तुमच्या बोर्डासमोरच उभा असणार, आपल्या माणसांत नाही. मेलवाली ओळ तशीच बोर्डावर लावली तर ती त्याला रोज संध्याकाळी चुकीची वाटेल.

म्हणून बोर्डासाठी मी असं सुरू केलं: "घरी असा किंवा ड्यूटीवर, दिवेलागणीला एक पणती तुमच्यासाठीही लागो." लिहून खूश झाले, मग मोठ्याने वाचली आणि दोन गोष्टी खटकल्या. एक तो "ही". "तुमच्यासाठीही" म्हणजे बाकीच्यांसाठी आहेच, उरलीसुरली तुम्हाला पण, असा वास येतो, तर तो ही काढला पाहिजे. पण दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. कुणासाठी तरी एकच पणती लावणं हे आपल्याकडे कधी होतं ते आठवा. माणूस गेल्यावर त्याच्या जागी, फोटोजवळ एकटा दिवा लावतात. मग "एक पणती तुमच्यासाठी" हे जिवंत, ड्यूटीवर उभ्या असलेल्या माणसाला लिहायचं? "तुमच्या नावाची पणती" तर त्याहून वाईट. लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं, वाचणाऱ्या दहांतल्या आठांच्याही येणार नाही, पण एखादं वयस्कर माणूस नक्की थबकेल आणि बोलणार नाही काही, नुसतं थबकेल. दिवाळीच्या पणत्या नेहमी अनेक असतात, रांगेत असतात, दीपावली या शब्दातच दिव्यांची ओळ आहे. तेव्हा अनेकवचन करायचं.

ओळ अशी झाली: "घरी असा किंवा ड्यूटीवर, दिवेलागणीला पणत्यांचा उजेड तुमच्यापर्यंत पोचो." खाली वेगळ्या लहान ओळीत "शुभ दीपावली" आणि "कार्यालयाच्या वतीने" एवढंच. बोर्डावर व्यक्तीचं नाव टाकू नका, साहेबांचंही नाही, कारण बोर्ड ऑफिसचा असतो आणि शुभेच्छा एका माणसाकडून आली की बाकीचे नुसते वाचक उरतात. "पोचो" आणि "पोहोचो" दोन्ही चालतात, तुमच्याकडे जसं बोलतात तसं घ्या. आणि जमलं तर त्या संध्याकाळी गेटवर खरोखरच चार पणत्या लावा, म्हणजे बोर्डावर लिहिलेलं तिथे समोर दिसेल, मला तर हे ओळीपेक्षा जास्त आवडेल.

बोर्डाचा कागद कसा करायचा ते थोडक्यात सांगते. ए-फोर कागद आडवा घ्या, ओळ दोन तुकड्यांत तोडा, "ड्यूटीवर," नंतर एकदा, आणि हवं तर "दिवेलागणीला" नंतर अजून एकदा, म्हणजे श्वास जिथे थांबतो तिथेच ओळ थांबते. शब्दाच्या अधेमधे किंवा "पणत्यांचा" आणि "उजेड" यांच्यामध्ये तोडू नका. अक्षर जेवढं मोठं बसेल तेवढं मोठं, जाड पण साधं, कारण सजावटीच्या फॉन्टमध्ये मात्रा आणि रफार एकमेकांत घुसतात आणि लांबून "दिवेलागणीला" नीट वाचताच येत नाही. प्रिंट काढून भिंतीला लावा आणि दोन-तीन मीटर मागे या, जिथून लोक चालत जातात तिथून, न थांबता वाचता आलं पाहिजे. नाही आलं तर बॉर्डर आणि कंदिलाची चित्रं कमी करा, अक्षर वाढवा.

एक धोका आहे तो लक्षात घ्या, बऱ्याच ऑफिसांत बोर्डाचा मजकूर अजून जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप होतो, जो युनिकोड नसतो. प्रिंट सुंदर येते. पण तीच ओळ कॉपी करून मेलमध्ये टाकली की समोरच्याच्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो, आणि तुम्हाला तुमच्या कॉम्प्युटरवर मात्र सगळं बरोबर दिसत राहतं, कारण फॉन्ट तुमच्याकडे आहे, त्यामुळे चूक तुम्हाला कळतच नाही. म्हणून मेलची ओळ युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा आणि स्वतःच्या पर्सनल आयडीवर पाठवून मोबाइलवर उघडून बघा. तिथे मराठी दिसलं तर सगळीकडे दिसेल असं धरायला हरकत नाही. दिव्याचा इमोजी टाकायचा मोह झाला तर हेही माहीत असू द्या की पणतीचा इमोजी युनिकोडमध्ये 2019 मध्ये आला, जुन्या फोनवर आणि जुन्या कॉम्प्युटरवर त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. मी तरी टाकत नाही, दिवेलागण म्हटल्यावर पणती दिसतेच.

ओळीऐवजी रंगीत चित्र लावावं का असं कुणी सुचवेल, तर नाही म्हणा. अनेक ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप दिसत नाहीत, नुसती तुटक्या चित्राची खूण दिसते, नाहीतर प्रत्येक मेलला एक अटॅचमेंट चिकटते आणि समोरचा माणूस बिल आलंय समजून ती उघडतो. अक्षरांत लिहिलेली ओळ, सहीच्याच फॉन्टमध्ये, सहीच्याच आकारात, नाव-पद-फोन झाल्यावर एक रिकामी ओळ सोडून सगळ्यात शेवटी. नावाच्या वर टाकू नका, तिथे ती मेलच्या मजकुराचा भाग वाटते, म्हणजे "कृपया बिल लवकर भरावे" आणि लगेच पुढे शुभेच्छा, असं सलग वाचलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं सेटिंग. ही ओळ फक्त नव्या मेलला जाऊ द्या, उत्तरांना नको. नाहीतर एकाच विषयावर पाच वेळा मेल इकडून तिकडे गेले की खाली पाच वेळा तीच शुभेच्छा साठते, आणि पाचव्यांदा कितीही ताजी ओळ असली तरी ती शिळीच होणार. जीमेलमध्ये See all settings मध्ये General खाली Signature चा भाग आहे, तिथे दोन सह्या बनवा, एक रोजची साधी आणि एक दिवाळीची. मग Signature defaults मध्ये नव्या मेलसाठी दिवाळीची निवडा आणि रिप्लाय-फॉरवर्डसाठी साधी, आणि खाली जाऊन Save Changes दाबायला विसरू नका, ते पान खूप लांब आहे आणि लोक तिथेच फसतात. आउटलुकमध्येही सहीच्या सेटिंगमध्ये New messages आणि Replies/forwards साठी वेगवेगळी सही निवडता येते. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये सही वेगळी ठेवलेली असू शकते, तीही तपासा, नाहीतर लॅपटॉपवरून दिवाळी आणि फोनवरून गेल्या वर्षीची चारोळी असं व्हायचं.

दोन सह्या बनवायचं दुसरं कारण म्हणजे तो तिसरा मेल, ज्याच्या घरी दुःख झालंय त्याला जाणारा. त्याच्याखाली चालेल अशी सणाची ओळ मला आजवर लिहिता आलेली नाही आणि मला वाटतं ती लिहूही नये. "आपल्या माणसांत असावं" हे ज्याचं माणूस नुकतंच गेलंय त्याला कसं लिहायचं? तिथे ओळ बदलायची नाही, काढायची. जीमेलमध्ये मेल लिहिताना खालच्या पट्टीत पेनाचं चिन्ह असतं, त्यावर दाबलं की तुमच्या दोन्ही सह्या दिसतात, साधी निवडली की काम झालं. अशा दोन-तीन लोकांची नावं दिवाळीच्या आधीच एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा, म्हणजे घाईत विसरायला होणार नाही. शिस्तीच्या कारवाईचा, नोकरी संपल्याचा, तक्रारीच्या उत्तराचा मेल असेल तेव्हाही साधीच सही. त्या तिसऱ्या रिमाइंडरच्या वेळी माझ्याकडे अशी चिठ्ठी असती तर त्या माणसाला तो फोन करावा लागला नसता.

तुमच्या ऑफिसात वेगवेगळे सण पाळणारी माणसं असतील, तर दिवाळीला जो कागद, जेवढं अक्षर आणि जेवढा विचार केलात तेवढाच ईदला आणि नाताळलाही करा. त्या सणाची दिसणारी गोष्ट कुठली ते तो सण घरात करणाऱ्या सहकाऱ्यालाच विचारा आणि ओळ लावायच्या आधी त्यांना वाचून दाखवा, कारण एकट्या पणतीसारख्या जागा बाहेरच्याला दिसत नाहीत.

कधी लावायची आणि कधी काढायची हेही ठरवून टाका. मी वसुबारसेच्या सकाळी लावते, त्याआधी नाही, कारण आठवडाभर आधीपासून रोज दिसणारी ओळ सणाच्या दिवशी कुणाला दिसत नाही. आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काढते. तिथी मागेपुढे होतात, कधी मधे एखादा भाकड दिवस येतो, म्हणून दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये बघून आत्ताच मोबाइलवर रिमाइंडर लावून ठेवा, काढायच्या दिवसाचा तर नक्कीच, तुम्ही सुट्टीवर असाल तर शेजारच्या टेबलावर सांगून जा. बोर्डाच्या कागदाच्या मागे पेन्सिलने काढायची तारीख लिहा, म्हणजे तुम्ही नसलात तरी हाउसकीपिंगच्या ताई तो उतरवतील, आणि उतरवलेला कागद फेकू नका, फाइलला लावा, पुढच्या वर्षी तुम्हाला हाच शब्द पुन्हा सुचेल तेव्हा तो आधी वापरलाय हे तिथे दिसेल.